चारला दहा मिनिटं कमी: वेबिनारच्या चॅटमधल्या स्वागताचं एक प्रकरण

कुंडीतल्या भाजीपाल्यावर एका तासाचं सत्र आहे. वेळ दुपारी ४ ची. झूमचं वेबिनार आहे, म्हणजे सहभागींना माइक नाही, कॅमेरा नाही. त्यांच्या हातात फक्त चॅट आणि प्रश्न लिहायची Q&A ही चौकट. नोंदणी १८० जणांची आणि त्यातले निम्मे येतील असा अंदाज. आयोजक तिघे: वक्ता, सूत्रसंचालक आणि चॅट सांभाळणारी एक जण. हे प्रकरण कोणा एका संस्थेचं नाही. अशा सत्रांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे आणि आकडेही त्याच हिशोबाने धरले आहेत. तेच सत्र दोनदा झालं असं समजू. पहिल्यांदा जे बिघडलं ते आधी पाहू.

पहिल्या खेपेला ३:५५ ला सत्र उघडलं. पडद्यावर शीर्षकाची स्लाइड, आवाज काही नाही. ३:५६ ला चॅटमध्ये ओळ आली, "सर्वांचे स्वागत! आपण कुठून सहभागी झाला आहात ते लिहा." पुढच्या चार मिनिटांत सात उत्तरं आली, मग शांतता. ४ वाजता सूत्रसंचालक म्हणाले, "अजून लोक येत आहेत, पाच मिनिटं थांबू या." ४:०४ ला तेच वाक्य पुन्हा. सत्र सुरू झालं ४:०८ ला. मधल्या वेळात सहभागींचा आकडा ६१ वर जाऊन ५४ वर उतरला होता. लोक थंड होते, बोलायला तयार नव्हते, असा निष्कर्ष काढून मोकळं होणं सोपं होतं. पण चॅटची जतन केलेली फाइल उघडली तर चित्र वेगळं दिसतं.

त्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीसोबत वेळ असते आणि ती ओळ कोणाला पाठवली तेही असतं. सातपैकी सहा उत्तरं "Hosts and panelists" यांना गेली होती. म्हणजे ती आयोजकांनी वाचली, बाकीच्या सहभागींना दिसलीच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे स्वागताची पहिली ओळसुद्धा तशीच, फक्त आयोजकांपुरती गेली होती. ३:५७ ला ती दुरुस्त करून सगळ्यांना पाठवली. पण ३:५७ नंतर जो आला त्याच्यासाठी चॅट पुन्हा कोरंच होतं, कारण आपण आत येण्याआधी झालेलं चॅट इथे सहभागीला दिसत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं, सगळी गोम तिथेच आहे. आपण आयोजक म्हणून बघतो तेव्हा चॅटमध्ये स्वागत आहे, सात उत्तरं आहेत, हालचाल आहे. ३:५९ ला आलेल्या माणसाला मात्र एक स्थिर स्लाइड दिसते आणि रिकामी चौकट. वेबिनारमध्ये सहभागीला इतर सहभागींची यादीही दिसत नाही. होस्टने आकडा दाखवायची सोय चालू केली नसेल तर साठ जण बसलेत की सहा, हे कळायला त्याला मार्ग नाही. अवघडलेपण येतं ते इथून: खोली भरलेली असते, पण प्रत्येकाला ती रिकामी दिसते. त्यामुळे स्वागत एकदा करून भागत नाही. जो येईल त्याच्यासाठी ते नव्याने करावं लागतं.

दुसऱ्या खेपेची तयारी

पहिलं काम सेटिंगचं. चॅटच्या चौकटीतल्या तीन टिंबांच्या मेनूत सहभागींना कोणाशी चॅट करता येईल ते ठरवता येतं. तिथे "Everyone" निवडलं. ते काम होस्टच्या नावाने आत आलेल्या सूत्रसंचालकांकडे दिलं. पण एवढ्याने भागत नाही. परवानगी दिली तरी लिहिणाऱ्याच्या चौकटीवरचं "To:" आपोआप बदलेलच असं नाही. ते ज्याचं त्याने बघावं लागतं. आयोजकांनाही हेच लागू आहे आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो. तालमीत पॅनेलिस्ट आपापसांत लिहीत असतात, "To:" तसंच राहतं आणि स्वागताची ओळ त्याच वाटेने जाते. म्हणून दुसऱ्या एका फोनवरून, सहभागीला मिळते त्याच लिंकने, एक जण आत बसवला. त्याच्या फोनवर जे दिसतं तेच खरं. स्वागताची ओळ तिथे उमटली की मगच ती पोहोचली असं धरायचं.

दुसरं, दार खरोखर उघडायचं. झूम वेबिनारमध्ये सराव सत्र चालू असेपर्यंत सहभागी बाहेर थांबलेले असतात. होस्टने "Start Webinar" दाबल्यावरच ते आत येतात. चारच्या सत्रासाठी हे बटण ३:५० ला दाबलं. त्याआधी ३:४८ ला सगळ्या पॅनेलिस्टचे माइक बंद आहेत ना ते पाहिलं. बटण दाबल्या क्षणापासून "अहो, माझा आवाज येतोय का, ती दुसरी स्लाइड कुठे गेली?" हे सगळं सहभागींना ऐकू जातं. रेकॉर्डिंग मात्र सुरू केलं नाही. स्वागतात लोकांची नावं घेतली जाणार, ती कायमची नोंदवून ठेवायचं कारण नाही. रेकॉर्डिंग ४:०२ ला, मूळ विषयाला हात घालताना, आणि तसं सांगून.

तिसरं, कामांची वाटणी. चॅट सांभाळणारी व्यक्ती ३:५० ते ४:१० फक्त चॅट बघेल. ती स्लाइड बदलणार नाही, लिंक पाठवणार नाही, वक्त्याचे निरोप घेणार नाही. वक्ता स्वतः चॅट सांभाळू शकतो असं अनेकांना वाटतं. सुरुवातीच्या दहा मिनिटांत तरी ते जमत नाही, कारण त्याचं निम्मं लक्ष पुढच्या वाक्यात असतं आणि त्याची उत्तरं तुटक होतात.

प्रश्न कोणता विचारायचा

"कुठून सहभागी झालात?" हा प्रश्न वाईट नाही, पण तो लवकर आटतो. गावांची नावं येत राहतात आणि त्यावर "वा, छान" यापलीकडे बोलायला काही उरत नाही. काहींना आपण राहतो ते ठिकाण अनोळखी लोकांसमोर लिहायचंही नसतं. शिवाय त्या उत्तरांचा पुढच्या तासाशी काही संबंध नाही, हे लिहिणाऱ्यालाही कळतं.

"आजच्या सत्राकडून काय अपेक्षा आहेत?" हा त्याहून जड. त्याला विचार करावा लागतो, दोन वाक्यं टाइप करावी लागतात, आणि पहिलं उत्तर देणाऱ्याला धीर लागतो. "भाजी लावताना सर्वांत मोठी अडचण कोणती येते?" असं विचारलं तर उलटं होतं: पहिल्याच मिनिटाला कोणी तरी किडीबद्दल चार ओळी लिहितं, त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि चॅट सांभाळणारी व्यक्ती त्यातच अडकते.

दुसऱ्या खेपेला प्रश्न ठेवला: आज तुमच्या घरी किती कुंड्या आहेत? फक्त आकडा लिहा. शून्य असेल तर शून्य.

याला पाच सेकंद लागतात. फोनवर एका बोटाने लिहिता येतं. चूक उत्तर नाही. "शून्य" आधीच चालेल म्हटल्यामुळे ज्याच्याकडे काही नाही तोही मागे राहत नाही. असे लोकच या सत्राला जास्त असणार. आणि या आकड्यांचं वक्ता खरोखर काही तरी करू शकतो. ही शेवटची अट सोडू नये. ज्या उत्तराला नंतर कोणी हात लावत नाही ते मागून घेणं म्हणजे लोकांना नुसतं गुंतवून ठेवणं, आणि दुसऱ्या सत्राला ते लोक उत्तर देत नाहीत.

३:५० ते ४:०२

पहिल्या चार-पाच मिनिटांत लोक एकेक करून येतात. तेव्हा आयोजकांना सहभागींच्या यादीत नावं दिसत असतात आणि नाव घेऊन हाक मारायचा मोह होतो. तो टाळला. जो माणूस अजून काही लिहिलेला नाही तो कदाचित गप्प बसून ऐकायलाच आला असेल. सगळ्यांसमोर त्याचं नाव पुकारलं की तो दचकतो. नियम साधा ठेवला: ज्याने चॅटमध्ये काही लिहिलं त्यालाच नावाने उत्तर, बाकी सगळ्यांना मिळून नमस्कार.

३:५० ची ओळ अशी होती: "नमस्कार! कुंडीतल्या भाजीच्या सत्रात स्वागत. बरोबर ४ ला सुरू करतोय. तोवर एक आकडा लिहा: आज घरी कुंड्या किती? शून्य असेल तर शून्य. वर To मध्ये Everyone निवडलंत तर सगळ्यांना दिसेल." त्यानंतर अर्ध्या मिनिटात सूत्रसंचालकांनी स्वतःचं खरं उत्तर लिहिलं: "माझ्याकडे ३, त्यातली एक रिकामी." पहिलं उत्तर कोणी द्यायचं हा पेच त्याने सुटतो आणि उत्तर किती छोटं असावं तेही दिसतं. सहभागी असल्याचा आव आणून खोटी उत्तरं मात्र टाकू नयेत. ती ओळखू येतात.

३:५३ पर्यंत तीन उत्तरं आली. त्यावरची ओळ: "०, ० आणि २. म्हणजे माती कुठून आणायची इथपासून सुरुवात करायला हवी. वक्त्यांना सांगते." एवढंच. प्रत्येकाचे वेगळे आभार नाहीत, पण प्रत्येकाचा आकडा ओळीत आला, म्हणून प्रत्येकाला कळलं की आपलं कोणी वाचलं.

३:५५ नंतर गर्दी सुरू होते आणि इथे पद्धत बदलावी लागते. पुढच्या पाच मिनिटांत चाळीसेक जण आले. आता एकेकाला नमस्कार करत बसलं तर चॅट नमस्कारांनीच भरून जातं आणि लोकांची उत्तरं वर सरकतात. म्हणून साधारण पाऊण मिनिटाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीचे दोन भाग. पहिला भाग नुकत्याच आलेल्या उत्तरांवर, तो दर वेळी वेगळा. दुसरा भाग प्रश्नाचा, तो जवळजवळ तसाच. ३:५७ ची ओळ: "५, ०, ११, १! अकरावाल्यांनी टोमॅटो लावलाय का, सांगा. आत्ता आलेल्यांना नमस्कार, प्रश्न एकच: घरी कुंड्या किती? ४ ला सुरू." हा दुसरा भाग आधीच एका नोंदवहीत लिहून ठेवला होता, तिथून चिकटवायचा. अख्खी ओळच तशीच्या तशी पुन्हा चिकटवली तर आधीपासून बसलेल्यांना ती घोषणा वाटते. नुसता पहिला भाग लिहिला तर नवीन आलेल्याला कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळत नाही. दोन्ही एकत्र असले की दोघांचंही काम होतं. दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ प्रश्न न लिहिता गेला तर त्या मधे आलेल्यांसाठी चौकट पुन्हा कोरी, हे डोक्यात पक्कं ठेवायचं.

अकरावाल्यांना विचारलेला तो छोटा उपप्रश्न मुद्दाम होता. एखाद-दुसऱ्याला असं पुढे विचारलं की चॅटला गप्पांचं रूप येतं. मात्र सगळ्यांसाठी दुसरा नवा प्रश्न टाकला नाही. दोन प्रश्न एकाच वेळी चालू असले की "४" हे उत्तर कशाचं ते कोणालाच कळत नाही.

नावं आणि मराठी

चॅटमधलं नाव बघून "ताई" की "दादा" हे ठरवायला जाऊ नये. किरण, सुमन, प्रांजल ही नावं स्त्रीचीही असतात आणि पुरुषाचीही. आद्याक्षर आणि आडनाव असेल तर तेवढंही कळत नाही. मराठीत अडचण क्रियापदाची आणि विशेषणाची असते. "कसे आहात" किंवा "कशा आहात" लिहिलं की आपण काही तरी गृहीत धरलंच. "आलात", "लिहिलंत", "सांगा" यांत लिंग दिसत नाही. "किरण, लवकर आलात, बरं झालं" हे कोणालाही चालतं. ओळी आधीच अशा रचून ठेवल्या तर घाईत चूक होत नाही.

नाव ज्या लिपीत आणि जसं लिहिलंय तसंच उतरवावं. रोमन लिपीतलं नाव घाईने देवनागरीत आणताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, ट-त ची अदलाबदल होते, आणि आपलं नाव चुकलेलं माणसाला लगेच खुपतं. "Galaxy" किंवा "iPad" अशा नावाने कोणी आलं असेल तर यंत्राच्या नावाने हाक मारू नये. उत्तराला धरून बोलावं, "शून्य लिहिणाऱ्यांची संख्या वाढतेय" असं. नाव बदलायला सांगण्याची ही वेळ नव्हे.

चॅट न बघणाऱ्यांसाठी

फोनवर बघणाऱ्याला चॅट सहसा वेगळं उघडावं लागतं. त्याला दिसते ती स्लाइड. म्हणून शीर्षकाच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी टाकल्या: ४ वाजता सुरू, चॅटमध्ये लिहा, घरी कुंड्या किती. शिवाय ३:५२, ३:५५ आणि ३:५८ ला सूत्रसंचालकांनी माइक उघडून वीस-पंचवीस सेकंद बोलायचं आणि पुन्हा बंद करायचं. बोलणं असं: "नमस्कार, आवाज येत असेल तर चॅटमध्ये कुंड्यांचा आकडा लिहा. आत्तापर्यंत शून्यवाले सात आहेत, एकाकडे अकरा आहेत. ४ ला सुरुवात." या एका वाक्यात आवाजाची तपासणीही होऊन जाते. सतत बोलत राहायची गरज नाही. दहा मिनिटं भरून काढायला गेलं की बोलणं पाणचट होतं आणि लोक आवाज बंद करून दुसरं काम धरतात, मग ४ वाजल्याचं त्यांना ऐकूच येत नाही. संगीत लावायचं असेल तर स्क्रीन शेअर करताना "Share sound" वर खूण करावी लागते, नाही तर ते फक्त आपल्याच खोलीत वाजतं. इथे लावलं नाही. आवाज येत नसल्याची तक्रार खरी आहे का हे संगीत चालू असताना ओळखणं अवघड जातं.

तशी तक्रार ३:५८ ला आलीच: "आवाज येत नाही." अशा ओळीला नमस्काराच्या आधी उत्तर द्यायचं. एकच तक्रार असेल तर बहुधा त्या व्यक्तीच्या बाजूला अडचण असते: "फोनचा आवाज वाढवून बघा, नाही तर एकदा बाहेर पडून त्याच लिंकने परत या." एका मिनिटात दोघा-तिघांनी तेच लिहिलं तर घोटाळा आपल्याकडे आहे, सूत्रसंचालकांना फोनवर कळवायचं. इथे सूत्रसंचालकांचा माइक त्या वेळी बंदच होता, तेवढंच लिहिलं: "आत्ता कोणी बोलत नाहीये, पुढच्या अर्ध्या मिनिटात आवाज येईल." आवाज आल्यावर त्या माणसाने आपला आकडाही लिहिला.

चार वाजता

४ ला सुरू म्हटलं होतं, म्हणून सूत्रसंचालक ४ वाजताच बोलायला लागले. पण मूळ विषय ४:०२ पर्यंत उघडला नाही. ती दोन मिनिटं चॅटमधल्या आकड्यांना दिली. चॅट सांभाळणारीने ३:५९ ला वक्त्याला एक ओळ पाठवली होती: "३४ उत्तरं, १९ शून्य, ११ जणांकडे १ ते ५, चौघांकडे जास्त." वक्त्याचं पहिलं वाक्य त्यावरूनच आलं: "एकोणीस जणांकडे एकही कुंडी नाही, म्हणून पहिली वीस मिनिटं पहिल्या कुंडीला देतो, ज्यांच्याकडे पाचाहून जास्त आहेत त्यांच्यासाठी शेवटी पाण्याच्या वेळापत्रकाचा भाग आहे, तोवर थांबा." वेळेवर आलेल्यांना काही तरी मिळालं आणि ४:०१ ला आलेल्याचं महत्त्वाचं काही बुडालं नाही. "अजून लोक येताहेत, थांबू या" या वाक्याने जे वेळेवर आले त्यांनाच शिक्षा होते. ते वाक्य टाळायचा हाच मार्ग आहे.

ही आकडेमोड हातानेच केली. तिशी-चाळिशीपर्यंतची उत्तरं एका कागदावर काड्या मारून मोजता येतात. तीनशेच्या वर लोक असतील तर चॅट इतकं पळतं की उत्तरं वाचूनही होत नाहीत. तिथे हाच प्रश्न पोलमध्ये टाकावा आणि चॅटमध्ये फक्त नमस्कार व वेळ सांगत राहावी. उलट आठच जण आले असतील तर प्रश्नाची गरजच उरत नाही, प्रत्येकाशी दोन ओळी बोलता येतात. आणि हेच सत्र दुसरीकडे थेट प्रक्षेपित होत असेल तर तिथल्या प्रेक्षकाला चित्र काही सेकंद उशिरा पोहोचतं. त्याच्या उत्तराची वाट बघताना तेवढा वेळ जास्त द्यायचा, नाही तर कोणी लिहीत नाही असं वाटून आपण पुढे निघून जातो.

सुरुवात झाल्यावर चॅटमधलं स्वागत लगेच थांबवलं नाही, पण त्याचं रूप बदललं. ४:०२ ते ४:१० दर दोन मिनिटांनी एकच ओळ: "आत्ता आलेल्यांना नमस्कार. आत्ता कुंडीचा आकार चाललाय. प्रश्न Q&A मध्ये लिहा." त्यात कुंड्यांचा आकडा मागितलेला नाही, कारण तो आता कोणी वापरणार नव्हतं. उशिरा येणाऱ्याला हवं असतं ते एवढंच: आपण बरोबर ठिकाणी आलोय ना, आणि गाडी कुठवर आलीय. ४:१० नंतर ही ओळही बंद केली आणि चॅट सांभाळणारी प्रश्नांच्या यादीकडे वळली. तिथे पहिला प्रश्न अकरावाल्यांचा होता: टोमॅटोची फुलं गळताहेत, काय करू?